स्वेटरवर तिथेच परत येणारे गोळे: कसे काढायचे आणि कुठून येतात ते कसं शोधायचं

स्वेटर फाटलेला नाही, रंगही टिकून आहे, पण कमरेच्या एका बाजूला, काखेत आणि बाह्यांच्या खालच्या भागावर मोहरीएवढे गोळे धरले आहेत. हात फिरवला की खरखर लागते. मशीनने काढले तर आठ-पंधरा दिवसांत नेमके त्याच जागी परत येतात. पाठ मात्र स्वच्छ असते, किंवा उलट पाठच खराब आणि पुढचा भाग नवाकोरा. ही लक्षणं जुळत असतील तर पुढचं उपयोगी पडेल. ठाणे-नवी मुंबईत स्वेटर थंडीपेक्षा ऑफिसच्या एसीत जास्त वापरला जातो, आणि बहुतेक गोळे त्या वापरातून, विशेषतः जाण्यायेण्याच्या घर्षणातून येतात. म्हणून काढण्याआधी शोधायचं. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चाकडे ठेवला आहे.

ते खरंच गोळे आहेत का

याला दोन मिनिटं लागतात आणि चुकीची कात्री लागण्यापासून स्वेटर वाचतो. गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली म्हणजे बाहेरून चिकटलेला कचरा. काळ्या स्वेटरवर पांढरे कण दिसतात, ते टॉवेलचे किंवा चादरीचे असतात. रुंद चिकटपट्टी बोटांभोवती उलटी गुंडाळून दाबून उचला. कण पट्टीवर आले तर ती धुण्यातली गडबड आहे, स्वेटरचा दोष नाही. खरा गोळा स्वेटरच्याच रंगाचा असतो आणि पट्टीने सहसा हलत नाही.

दुसरी म्हणजे ओढला गेलेला टाका. बांगडी, घड्याळाचा पट्टा किंवा बॅगेची चेन अडकली की धाग्याचा छोटा फासा बाहेर येतो. लांबून तो गोळाच वाटतो. तो कापला की विणीतला धागा तुटतो आणि शिडीसारखं भोक खाली पळत जातं. गोळा दोन बोटांत धरून हलकासा हलवा. तो केसांच्या गुंत्यासारखा मऊ लागला तर गोळा. त्यातून अखंड, गोल धागा दिसला तर टाका. टाका क्रोशाच्या बारीक सुईने आतल्या बाजूला ओढून घ्यायचा, आणि शेजारचे टाके बोटांनी आडवे-उभे ताणून सारखे करायचे. कात्री लावायची नाही.

तिसरी म्हणजे आटलेली लोकर. गरम पाण्यात धुतलेला लोकरी स्वेटर जाड, घट्ट आणि नमद्यासारखा होतो, त्याची वीण दिसेनाशी होते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकून बसतात आणि सुटत नाहीत. इथे गोळे काढून काही साधत नाही.

कापड कोणतं आहे

लेबल बघा. आतल्या बाजूच्या शिवणीला पांढरी पट्टी असते. दुकानात कॅशमिलॉन म्हणून जे दिलं जातं ते अ‍ॅक्रिलिकच असतं. फुटपाथवरच्या स्वेटरला अनेकदा लेबल नसतंच, किंवा असलं तरी भरवशाचं नसतं.

हे कळायला हवं, कारण गोळ्याचं पुढे काय होणार ते यावर ठरतं. धाग्यातले आखूड तंतू घासण्याने बाहेर येतात, एकमेकांत गुंततात आणि गोळा बनतो. तो कापडाला चारदोन लांब तंतूंनी धरलेला असतो. लोकरीचा तंतू त्या मानाने कमकुवत असतो, त्यामुळे काही दिवसांनी ते देठ तुटतात आणि गोळा आपोआप गळून पडतो. नवीन लोकरी स्वेटरला पहिल्या काही वेळा जास्त गोळे येतात आणि मग ते कमी होतात, त्याचं कारण हेच: सैल आखूड तंतू संपत जातात. अ‍ॅक्रिलिकचा तंतू जास्त चिवट असतो. गोळा बनतो आणि तिथेच लटकत राहतो. सगळ्यात हट्टी असतं ते मिश्र कापड. त्यात लोकरीचे आखूड तंतू गोळा तयार करतात आणि अ‍ॅक्रिलिकचे तंतू त्याला घट्ट धरून ठेवतात. म्हणून मिश्र स्वेटरचे गोळे पुन्हा पुन्हा आले तर तो नेहमी तुमच्या धुण्याचा दोष नसतो.

लेबल नसेल तर आतल्या शिवणीतून दोनतीन सेंटिमीटर धागा काढा आणि चिमट्यात धरून जाळून पाहा. हे स्वयंपाकघराच्या सिंकवर, स्टीलच्या ताटलीवर करायचं. खिडकी उघडी आणि बाजूला पाण्याचा मग हवा. मुलांसमोर करू नका. लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की सहसा विझते, आणि राख बोटांत चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक भसाभस पेटतं, काळा धूर सोडतं, वितळतं आणि मागे कडक काळा मणी ठेवतं. तो मणी गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही, गरम असताना तो कातडीला चिकटतो. केसांचा वासही आला आणि कडक मणीही उरला, तर कापड मिश्र आहे.

गोळे कुठे आहेत

स्वेटर बिछान्यावर सरळ पसरा. दिव्याखाली नव्हे, खिडकीच्या उजेडात, बाजूने तिरपं बघा. गोळ्यांचा नकाशा घर्षणाचा नकाशा असतो. दोन्ही काखांत आणि दोन्ही कुशींवर सारखे असतील तर ते हात हलण्याचे आहेत, टाळता येत नाहीत. फक्त एका बाजूला असतील तर ती जवळजवळ नेहमी बॅग असते. फक्त पाठीवर असतील तर खुर्चीची जाळी, गाडीच्या सीटचं खडबडीत कापड किंवा पाठीवरची सॅक. छातीवर तिरपी पट्टी दिसली तर सीटबेल्ट. पोटावर आडवी रेघ असेल तर टेबलाची कड. सगळीकडे सारखे आणि बारीक असतील, तेही एखाद्या धुण्यानंतर अचानक आलेले, तर दोष वॉशिंग मशीनचा.

एक प्रकरण सविस्तर घेऊ. ठाण्याहून ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये रोज जाणाऱ्या एका बाईंचं गडद निळं कार्डिगन: लेबलवर अ‍ॅक्रिलिक सत्तर टक्के, लोकर तीस. गोळे तीन ठिकाणी होते: उजव्या खांद्यावर दोन बोटं रुंद पट्टा, उजव्या कुशीवर तळहाताएवढा भाग, आणि दोन्ही बाह्यांवर मनगट ते कोपर खालच्या बाजूला. डावी कूस स्वच्छ. पाठ स्वच्छ. महिनाभरात दोनदा मशीनने साफ करूनही परिस्थिती तीच.

खांद्याचा पट्टा आणि कुशीचा भाग एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते: लॅपटॉपची बॅग, नायलॉनचा जाड पट्टा, उजव्या खांद्यावर. लोकलच्या गर्दीत ती बॅग कुशीवर दाबली जाते आणि गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याला थोडी थोडी घासते. बाह्यांचं कारण टेबलाची धारदार कड होती, कारण टंकताना हात तिथेच टेकतात. धुण्यात काही चूक नव्हती.

उपाय खर्चाचे नव्हते. पहिला: स्वेटर प्रवासात घालायचाच नाही. तो सुती पिशवीत घडी करून न्यायचा आणि जागेवर बसल्यावर घालायचा. नोव्हेंबर ते जानेवारीतही या दोन शहरांतल्या सकाळी बहुतेक दिवशी पातळ सुती शर्ट किंवा ओढणी पुरते. दुसरा: ज्या दिवशी घालावाच लागेल त्या दिवशी बॅग डाव्या खांद्यावर, आणि पट्ट्याला जुन्या सुती कापडाचं वेटाळ. तिसरा: टेबलाच्या कडेवर गुळगुळीत कापडी पॅड, किंवा बाह्या कोपरापर्यंत वर सरकवून काम. त्यानंतर एकदा नीट साफ केलेल्या कार्डिगनवर महिन्याभरात खांद्यावर काहीच आलं नाही. कुशीवर चारपाच आले, ते कात्रीने निघाले. बाह्यांवर थोडे येतच राहिले, कारण हात कुठेतरी टेकणारच.

पाठीवर सॅक घेणाऱ्यांनी दोन्ही खांद्यांवर तेच घडतं हे लक्षात ठेवावं. घोडबंदर रोडवरून दुचाकीवर जाताना स्वेटरवर जॅकेट घालत असाल तर जॅकेटचं अस्तर गुळगुळीत आहे का बघा. फ्लीसचं अस्तर स्वेटरला प्रत्येक किलोमीटरला घासतं.

काढण्याची साधनं, हलक्यापासून जडापर्यंत

स्वेटर स्वच्छ आणि पूर्ण कोरडा असला पाहिजे. ओल्या तंतूंवर पातं सरकत नाही, ते त्यांना ओढतं. धूळ आणि तेलकटपणा असेल तर पातं लवकर बोथट होतं. म्हणून आधी धुणं, मग वाळवणं, मग साफ करणं, हा क्रम.

दहाबारा गोळे असतील तर नखं कापायची छोटी कात्री पुरते. गोळा वर उचलून देठापाशी कापायचा, पात्याचं टोक कापडाकडे न ठेवता कापडाला समांतर. हाताने उपटायचा मोह टाळा. उपटताना गोळ्यासोबत आतले चांगले तंतूही बाहेर येतात, आणि तेच पुढच्या गोळ्याचं बी होतात.

थोडे जास्त असतील आणि स्वेटर जाड लोकरीचा असेल तर स्वेटरची फणी, म्हणजे बारीक दातांची किंवा जाळीची छोटी पट्टी. एकाच दिशेने, विणीच्या उभ्या रेघांबरोबर, वरून खाली फिरवायची. पातळ आणि सैल विणीच्या स्वेटरवर फणी वापरू नका, टाके ओढले जातात.

बॅटरीवर किंवा चार्जिंगवर चालणारं लिंट रिमूव्हर, म्हणजे गोळे कापायचं मशीन, हे बहुतेक घरांसाठी पुरेसं साधन आहे. पण त्याच्यानेच सगळ्यात जास्त भोकं पडतात, म्हणून इथे जरा थांबून.

मशीनच्या जाळीतून गोळा आत शिरतो आणि फिरणारं पातं तो कापतं. जाळीत फक्त गोळा शिरला पाहिजे, कापड नाही. कापडाला सुरकुती असेल किंवा खालून काहीतरी उंच आलं असेल तर तेवढा भाग जाळीत दाबला जातो आणि कापला जातो. नेमकं हे कुठे होतं? कुशीच्या शिवणीवर. वरून ती दिसत नाही, आतून कापडाची जाड धार असते, आणि मशीन तिच्यावरून गेलं की शिवणीलगत भोक. दुसरी जागा बटणपट्टी आणि खिशाचा काठ.

म्हणून स्वेटरच्या आत जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा पुठ्ठा घाला, पुढचा आणि मागचा थर वेगळे होतील असा. आता कडक टेबलावर ठेवा, गादीवर नको. गादीवर कापड खड्ड्यात जातं आणि मशीन एकाच कडेवर दाबलं जातं. एका हाताने तळव्याएवढा भाग हलकाच सपाट धरा, ताणू नका. ताणलं तर वीण उघडते आणि धागे जाळीत शिरतात. मशीनला उंची कमीजास्त करायची कडी असेल तर पहिली फेरी सर्वात उंच ठेवा. न दाबता, छोट्या गोल फेऱ्यांत फिरवा. आवाज बदलला, म्हणजे गुरगुरू लागला, तर ताबडतोब उचला.

दर चारपाच मिनिटांनी डबी रिकामी करा आणि सोबतच्या ब्रशने पातं झाडा. डबी भरली की तंतू पात्याभोवती गुंडाळले जातात आणि कापण्याऐवजी ओढ लागते. बॅटरी अर्धी उतरली की पातं हळू फिरतं आणि परिणाम तोच होतो. सगळं नीट करूनही मशीन गोळे सोडून पुढे जात असेल तर पातं बोथट झालं आहे. पातं बदला, जास्त दाबू नका. एका प्रौढ स्वेटरला अर्धा तास सहज लागतो. झाल्यावर मऊ कपड्यांच्या ब्रशने एकाच दिशेने झाडून सैल तंतू काढून टाका.

दाढीचं ब्लेड हे शेवटचं. ते वापरायचंच तर फक्त जाड, घट्ट विणीच्या स्वेटरवर, नवीन ब्लेड, जवळजवळ आडवं धरून. पातळ अ‍ॅक्रिलिकवर ते वापरू नये असं आमचं मत आहे, त्यात पडलेलं भोक सहसा नीट भरत नाही.

गोळे दाबून टाकण्यासाठी इस्त्री फिरवली जाते, तीही नको. अ‍ॅक्रिलिक गरम इस्त्रीखाली चपटं होतं, त्यावर चमक येते आणि ती परत जात नाही.

एक मर्यादा मात्र पक्की आहे. प्रत्येक सफाईत धाग्यातले तंतू कमी होतात, म्हणजे स्वेटर तितका पातळ होतो. एका मोसमात पूर्ण स्वेटरची दोनदा सफाई पुरे. त्याहून जास्त लागत असेल तर घर्षणाचं कारण अजून सापडलेलं नाही, परत नकाशाकडे जा.

धुण्यात काय चुकतं

मशीनमध्ये जीन्स आणि टॉवेलसोबत टाकलेला स्वेटर आतल्या पाण्यात अर्धा तास घासला जातो. म्हणून स्वेटर वेगळे, उलटे करून, जाळीच्या पिशवीत, हलक्या चक्रावर. उलटे करायचं कारण साधं आहे: घर्षण व्हायचंच तर आतल्या बाजूवर होऊ दे. लेबलवर हाताने धुवा असं लिहिलं असेल तर ते पाळा, विशेषतः लोकरीसाठी.

हाताने धुताना बादलीत पाणी कोमट किंवा साधं, तीस अंशांच्या वर नको. इथे एक स्थानिक गोष्ट: मार्च ते मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चांगलंच तापलेलं येतं. त्या महिन्यांत स्वेटर आवरण्याआधी धुताना सकाळी लवकर धुवा. लोकरीसाठीचं लिक्विड बाटलीवर दिलेल्या मापानेच घाला. साबणाची वडी नको, विशेषतः जिथे टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येतं तिथे. जड पाण्यात साबणाचा चिकट थर तयार होतो, तो तंतूंवर बसतो आणि स्वेटर खरखरीत होतो. दहा मिनिटं भिजवा, हाताने वर-खाली दाबा, चोळू नका आणि पिळू नका. खळबळण्याचं पाणीही तितक्याच तापमानाचं हवं, अचानक थंड-गरम झालं की लोकर आटते.

फॅब्रिक कंडिशनर भरपूर घातल्याने गोळे कमी होतील असं वाटतं, पण उलट होतं. तंतू निसरडे होतात आणि धाग्यातून सहज बाहेर सरकतात. अ‍ॅक्रिलिकवर वीज साठून ते अंगाला चिकटतं म्हणून थोडं घालायला हरकत नाही, पण झाकणभर नाही.

वाळवताना कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग सपाट पसरा. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर पाण्याच्या वजनाने लांबतो, वीण सैल होते, आणि सैल विणीतून तंतू जास्त बाहेर येतात. बाल्कनीत जागा नसेल तर खाटेवर चादर टाकून पंख्याखाली ठेवा.

शिवाय प्रत्येक वापरानंतर धुवायची गरज नाही. ऑफिसच्या एसीत दोनतीन तास घातलेला स्वेटर हवेशीर जागी सपाट ठेवला तर पाचसहा वेळा चालतो. जितकं धुणं कमी, तितकं घर्षण कमी.

पुढचा स्वेटर घेताना

दुकानात स्वेटरचा आतला भाग अंगठ्याने पंधरावीस वेळा घासा. लगेच मऊ लव वर आली तर त्या धाग्याला पीळ कमी आहे आणि गोळे येणारच. हाताला फारच मऊ, फुललेला वाटणारा धागा बहुतेक वेळा हाच असतो. त्यापेक्षा घट्ट पिळाचा, दोन पदरी धागा आणि बारीक दाट वीण घ्या. बाळाच्या गालासारखा मऊपणा मिळणार नाही, पण रोजच्या ऑफिसला तोच टिकतो. काही अ‍ॅक्रिलिक धाग्यांवर अँटी-पिलिंग असं लिहिलेलं असतं. अशा बऱ्याच धाग्यांत तंतू मुद्दाम कमी चिवट ठेवलेला असतो, म्हणजे गोळा आला तरी लवकर गळून पडतो. गोळे येतच नाहीत असा त्याचा अर्थ नाही.

कधी थांबायचं

साफ करण्याआधी आणि मधूनमधून, आत मोबाइलचा टॉर्च धरून कापडावर बाहेरून पाहा. सगळीकडे सारखा उजेड येत असेल तर पुढे चला. गोळ्यांच्या जागी उजेड ठळक दिसत असेल तर तिथे कापड झिजलं आहे. त्या जागी मशीन अजिबात नको, फक्त कात्रीने मोठे गोळे काढा. कोपरावर अशी झीज बहुतेक वेळा दिसते.

मशीनने भोक पाडलंच तर सुटलेल्या टाक्यात लगेच सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे शिडी पळणार नाही. धुऊ नका, ताणून बघू नका, सुईदोऱ्याने टोचून बंद करू नका. ते रफूवाल्याकडे न्यायचं काम आहे. जमलं तर शिवणीच्या आतला त्याच रंगाचा धाग्याचा तुकडा सोबत द्या. लोकरीत रफू चांगलं मिसळून जातं, अ‍ॅक्रिलिकमध्ये ते दिसतं, हे आधीच विचारून घ्या.

पश्मिना, अँगोरा, मोहेअर, हाताने विणलेली जाळीदार शाल, भरतकाम किंवा टिकल्यांचा स्वेटर यांवर घरी मशीन लावू नका. ते ड्रायक्लीनरकडे द्या, पण देताना गोळे काढायचे आहेत असं स्पष्ट सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. ड्रायक्लीनने डाग आणि तेलकटपणा जातो, गोळे आपोआप जात नाहीत. ते काम तिथेही हातानेच करावं लागतं आणि त्याचे पैसे बहुधा वेगळे लागतात.